खादी अशी पडत नाही

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत अंजू ताकसांडेची शिलाई जितक्या लोकांना ठाऊक होती, तितक्याच लोकांना तिचा रागही ठाऊक होता. एका साहेबाच्या बायकोनं ब्लाउज तिसऱ्यांदा उसवायला आणला, तेव्हा अंजूनं तो घडी घालून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "म्याडम, माप बदलून नाई राह्यलं, तुमचं मन बदलून राह्यलं. मनाले शिलाई नसते." त्यानंतर त्या बाई आल्या नाहीत, पण त्यांच्या दोन्ही सुना आल्या.

तिचं माहेर वडनेरचं. दहावीनंतर हिंगणघाटला शिवणाच्या वर्गात नाव घातलं, तिथं प्रभाकरराव नावाचे म्हातारे मास्तर शिकवायला होते. पहिले पंधरा दिवस त्यांनी कुणाला कात्रीला हात लावू दिला नाही. डोळे मिटायचे, मूठ वर धरायची, मास्तर मुठीवर कापडाचा तुकडा टाकणार आणि पोरींनी सांगायचं, काय आहे. रेशीम मुठीवरून पाण्यासारखं ओघळतं. शिफॉन टाकलंय की नाही तेच कळत नाही. डेनिम मुठीवर छपरासारखं बसतं. आणि खादी? खादी थोडी थांबते, मग रुंद घडी घेऊन खाली येते, जशी घरची मोठी बाई पायऱ्या उतरते तशी. हे मास्तरांचे शब्द. कपडा शिवणारा माणूस आधी कपड्याची पडण शिकतो, माप नंतर, असं ते म्हणत.

लग्न होऊन पिपरीला आली, नवरा धनंजय एसटीच्या वर्कशॉपात. पुढच्या खोलीत मशीन मांडून तिला चोवीस वर्षं झाली. या चोवीस वर्षांत शिवण बिघडलं म्हणून तिचं नाव चारचौघांत कुणी घेतलं नव्हतं. ते मोनालीच्या लग्नाच्या वेळी घेतलं गेलं.

मोनाली थूल एका दवाखान्यात नर्स होती, शांत आणि हसऱ्या चेहऱ्याची. लग्न विहारात होणार होतं, साधं, पांढऱ्या कपड्यांत. तिनं ठरवलं होतं की साडी नको, पायघोळ अनारकली घालायचा, आणि तोही खादीचा. गावातल्या गजेंद्रच्या दुकानातून ती कापड घेऊन आली. आठ मीटर पांढरी सुती खादी, छान दाट विणीची. सोबत मोबाइलवर एक चित्र.

गजेंद्रनं दुकानात नवी सोय केली होती. गिऱ्हाइकाचा फोटो काढायचा, ठाण पसंत करायचं, आणि काउंटरमागं कॉम्प्युटरवर बसलेली मेघा दोन ओळी टाइप करून त्याच फोटोत गिऱ्हाइकाला तो कपडा घातलेला दाखवायची. चेहरा तोच, दुकानातली भिंतही तीच, फक्त अंगावरचा कपडा बदललेला. बायका रांग लावत होत्या.

त्या चित्रात मोनाली सुंदरच दिसत होती. अंजूनं क्षणभर पाहिलं आणि तिच्या मनात काहीतरी खटकलं. पण मोनाली इतक्या उत्साहात होती, आणि अंजूला नवरीचा पोशाख शिवायची हौसही होती. "पाहू," एवढंच ती म्हणाली. पुढं कितीतरी दिवस त्या "पाहू"चाच तिला सगळ्यात जास्त राग येत राहिला.

तिनं जीव ओतून शिवलं. कंबरेपासून भरपूर चुण्या घेऊन घेर दिला, शिवणी आतून बंद केल्या, गळ्याला हातानं तुरपाई केली. घालून पाहायच्या दिवशी मोनाली आत्याला घेऊन आली. आत्या म्हणजे शोभाबाई, नात्यातल्या प्रत्येक लग्नात पुढाकार घेणाऱ्या.

मोनाली पडद्याआडून बाहेर आली आणि आरशासमोर उभी राहिली. कपडा अंगाला बेतशीर बसला होता, पण कंबरेखाली घेर फुगून उभा राहिला होता. चुण्या एकमेकींना ढकलून बाहेर येत होत्या. मोनालीनं मोबाइल काढला, चित्र पाहिलं, आरसा पाहिला, परत चित्र पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"हे काय करून ठेवलं वो बाई?" शोभाबाई म्हणाल्या. "पोरगी नवरी दिसून राह्यली का मांडवाची कनात?"

"आत्याबाई, खादी आहे. इतक्या चुण्यांत खादी अशीच..."

"मंग फोटोत कशी पडली? कापड तेच, पोरगी तीच. मधात फक्त तुमची मशीन आली."

अंजू लाल झाली, म्हणाली, "दोन दिवस द्या." शोभाबाईंनी दोन तासही दिले नाहीत. संध्याकाळी मोहल्ल्यातल्या बायकांच्या मोबाइल ग्रुपवर दोन फोटो आले, शेजारी शेजारी. एक दुकानातलं चित्र, दुसरा आरशासमोरचा. खाली लिहिलं होतं, 'अंजू टेलरनं नवरीच्या कापडाचं वाटोळं केलं. बहिणींनो, सावध राहा.'

धनंजय ताटावरून म्हणाला, "जाऊ दे ना."

"काऊन जाऊ देऊ? चोरी केली का म्या?"

ती जेवली नाही. तिनं ते दुकानातलं चित्र बोटांनी मोठं केलं आणि शिवणकाम तपासायला आल्यासारखी त्यावरून नजर फिरवू लागली. आधी खांदा, मग कंबर, मग घेर. घेराच्या प्रत्येक चुणीवर एक बारीक पांढरी रेघ खालपर्यंत धावत होती. उजेडाची रेघ. चुण्या बोटाएवढ्या बारीक, एकसारख्या, आणि पावलावर येऊन कापड मऊपणे गोळा झालेलं. अंजू उठून मशीनजवळ गेली. तो खरा अनारकली तिनं खिडकीत धरला. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड तिरपा येत होता, पण खादीवर कुठंच रेघ नव्हती. उजेड कापडात मुरून जात होता.

"अरे चोरा," ती मोठ्यानं म्हणाली. "हे रेशीम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, तेव्हाच ती अनारकली पिशवीत घालून आत शिरली. गजेंद्र उदबत्ती लावत होता.

"या अंजूताई, बोला."

"बोलाले नाई आली. विचाराले आली. मोनालीच्या फोटोत कोनतं कापड दाखवलं तुम्ही?"

"तिनं घेतलं तेच. खादी."

"गजेंद्रभाऊ, चोवीस वर्षं झाली मले. खादी आन् रेशीम मले अंधारात कळते. खोटं नका बोलू."

गजेंद्रनं उदबत्ती खोवली आणि हसून म्हणाला, ताई, ते तर कॉम्प्युटर करतो, आपल्या हाती काय. त्याचं ते हसू पाहून अंजूचं डोकं आणखी तापलं. ती काउंटरला वळसा घालून थेट मेघाच्या खुर्चीजवळ गेली. मेघा तिशीची, आधी एका स्टुडिओत लग्नाचे फोटो साफ करायची. ती दचकून उभी राहिली.

"बस बाई. तुयावर नाई ओरडत मी. त्या दिवशी काय लिहिलं होतं, ते दाखव."

मेघानं मालकाकडं पाहिलं. मग हळूच जुनं काम उघडलं. मोनालीचा मूळ फोटो, आणि खाली तिनं टाइप केलेली ओळ: पांढरा पायघोळ अनारकली, सिल्क, भरपूर घेर, चेहरा बदलू नको.

"सिल्क," अंजू म्हणाली. "हे कोनी सांगितलं लिहाले?"

"काकू, खादी लिहिलं तं..." मेघा अडखळली. "खादी लिहिलं तं चांगलं नाई येत. गिऱ्हाईक नाक मुरडते. मालक म्हनले, सिल्क टाक, देखणं दिसते."

"शोसाठी असतं ताई," गजेंद्र म्हणाला. "थोडं तर सगळेच..."

"थोडं? तिच्या आत्यानं साऱ्या मोहल्ल्यात मले नागवं केलं, ते थोडं का?" तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. दुकानाबाहेर दोघी-तिघी थांबल्या. "आता माह्यासमोर कर. तोच फोटो घे. बाकी काई बदलू नको, फक्त तो एक शब्द बदल. मले पाहू दे तुमची जादू."

बाहेर माणसं थांबलेली पाहून गजेंद्रनं मेघाला मानेनंच खूण केली. मेघानं काम सुरू केलं. आधी तिनं सिल्कच ठेवून परत चालवलं. आलेलं चित्र पहिल्यासारखं तंतोतंत नव्हतं, हात थोडा वेगळा होता, पण चुण्यांवरच्या त्या उजेडाच्या रेघा तशाच होत्या. शिवाय या वेळी खालच्या कडेला कुणी न मागितलेला सोनेरी काठ आला होता.

"काठ कोनी मांगितला?"

"कोनी नाई काकू. सिल्क म्हटलं की तो कधी कधी काठ स्वतःच लावते."

मग शिफॉन. घेर विरघळल्यासारखा हलका झाला, बाह्यांतून मोनालीचे दंड दिसू लागले, आणि दुकानात पंखा बंद असताना ओढणी वाऱ्यावर उडाल्यासारखी एका बाजूला गेली. मग डेनिम. अनारकली ताठ झाला, घेराच्या तीन-चार जाड घड्या उरल्या, शिवणींवर नारिंगी दोऱ्याची दुहेरी टीप आली. आणि वर 'पांढरा' लिहिलेलं असूनही कापडात निळी झाक शिरली होती.

अंजूचा राग उतरला नव्हता, पण त्याखाली दुसरं काहीतरी जागं झालं होतं. माप तेच, पोरगी तीच, उभं राहणं तेच, आणि एका शब्दानं सगळी पडण बदलत होती.

"ह्याले कसं कळते?" तिनं विचारलं.

"कळत नाई काकू. ह्यानं कापडाले कधी हात नाई लावला. लाखो फोटो आन् त्याच्यासोबत लिहिलेलं पाह्यलं. सिल्क लिहिलेल्या फोटोत चमक असते, म्हून सिल्क म्हटलं की चमक काढते. डेनिम म्हटलं की निळं. शब्दासंगं जे जे येते, ते सगयं घेऊन येते."

"आता खादी लिही."

मेघानं लिहिलं. पडद्यावर जे आलं ते पाहून अंजूची कानशिलं तापली. पांढरा रंग गेला होता. मोनालीच्या अंगावर मातकट, पोत्यासारखं जाड, जागोजागी गाठी दिसणारं काहीतरी होतं. घेर लोंबत होता. वरून पुढाऱ्याचं बिनबाह्यांचं जाकीटही चढवलं होतं.

"ही खादी?" तिनं पिशवीतून अनारकली ओढून काढला आणि पडद्यासमोर आपटला. "ही पाह्य, ही खादी! वर्ध्यात बसून खादीचं पोतं-बोरं करून दाखवून राह्यले तुम्ही? आमच्या बाया आयुष्यभर खादी नेसल्या. कोनती बाई अशी दिसत होती? सांग!"

"मी नाई केलं काकू..."

"तू नाई केलं. पन तू पाहून गप बसली. आन् ह्यायनं," तिनं गजेंद्रकडे बोट केलं, "खादीले नावं ठेवून रेशीम दाखवलं आन् खादीच विकली. ठाण विकाले खादी, फोटोले सिल्क!"

गजेंद्र आता हसत नव्हता. "मग काय करू, ताई? ते बोरं दाखवू?"

हा प्रश्न त्यानं चिडून विचारला होता, पण प्रश्न खरा होता. अंजू स्टुलावर बसली. तिनं मूठ वर धरली, अनारकली शिवून उरलेला तुकडा पिशवीतून काढून मुठीवर टाकला आणि त्याकडे पाहत राहिली.

"नाव नको लिहू," ती शेवटी मेघाला म्हणाली. "दिसते ते लिही. पांढरं शुभ्र सुती कापड. हातमागाचं, पन बारीक सुताचं. चमक नाई. उजेड पडला तं मुरते. चुण्या कमी आन् रुंद. कड खाली ताठ राह्यते, पायावर गोळा नाई होत. अंगातून आरपार दिसत नाई. वर जाकीट नको, काठ नको."

मेघा टाइप करत गेली. मग तिला स्वतःलाच सुचलं. तिनं ठाण दारापाशी उजेडात नेलं, खांबाच्या खिळ्यावर लोंबकळवलं आणि त्याचा फोटो काढला. तो फोटोही मोनालीच्या फोटोसोबत दिला आणि लिहिलं, कापड या दुसऱ्या फोटोतल्यासारखं.

पहिलं चित्र आलं त्यात खांद्यावर अजून चमक होती. अंजूनं बोट ठेवलं. "हे पाह्य, हितं खोटं बोलला." मेघानं परत चालवलं. दुसऱ्यात मोनालीची हनुवटी बदलली. तिसऱ्यात मात्र घेर रुंद घड्यांनी खाली आला, पांढरा, शांत, थोडा फुगलेला. नेमका अंजूच्या हातातल्या कपड्यासारखा.

"हाव," ती म्हणाली. "हे माह्यं शिवन आहे."

तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. तिनं मोनालीला दुकानातच बोलावलं. ती ड्यूटीवरून, एप्रनवरच आली. अंजूनं पाचही चित्रं तिला एकामागून एक दाखवली आणि काहीच सांगितलं नाही. सिल्क, शिफॉन, डेनिम, ती बोऱ्याची खादी आणि शेवटचं. मोनालीनं दोनदा मागं-पुढं करून पाहिली. मग ती गजेंद्रकडे वळली. तिला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती, तरी ती मोठ्यानं बोलली.

"भाऊ, मी खादी मांगितली होती. मले खादीच पाहिजे होती. तुम्ही मले खादी काऊन नाई दाखवली?"

गजेंद्र काहीतरी पुटपुटला. अंजूनं त्याला बोलू दिलं नाही. "तीन मीटर काढा, ह्याच ठाणातली. मोजू नका कमी. आता चुण्या नाई चालत. कळ्यांचा घेर करतो. कळ्या उरेब, म्हंजे तिरप्या कापल्या की खादीही ओघळते. रेशमासारखी नाई, पन ओघळते." मग मोनालीला म्हणाली, "चूक माहीबी आहे पोरी. तो फोटो पाहून मले तवाच खटकलं होतं. म्या बोलली नाई. पहिले विचारलं असतं तं चुण्यांचा घेर दिलाच नसता."

हे बोलायला तिला गजेंद्रवर ओरडण्यापेक्षा जास्त जोर लागला.

तीन मीटर कापड मिळालं. अंजूनं सगळा घेर उसवला, कंबरेखाली तिरप्या धाग्यावर कापलेल्या बारा कळ्या जोडल्या, आणि कळ्या ओघळून जितक्या लांबायच्या तितक्या लांबू देत म्हणून अनारकली दोन रात्री हँगरवर टांगून ठेवला. मग खालची कड सारखी करून दुमडली. विहारात मोनाली पायऱ्या चढून आली तेव्हा घेर तिच्या पावलांसोबत वळत होता, थोडा मागून, रुंद घड्या घेत. चमक कुठंही नव्हती. नवऱ्याकडच्या एका बाईनं हात लावून विचारलं, "ही खादी कोणी शिवली?" मोनालीनं अंजूकडे बोट केलं, तेव्हा अंजूनं मान खाली घालून मोनालीची ओढणी सारखी केली.

गजेंद्रचं म्हणाल, तर त्यानं दुकानात पाटी लावली. 'चित्रे अंदाजे आहेत.' इतक्या बारीक अक्षरात आणि इतक्या उंचावर, की वाचायला स्टूल लागेल. अंजूनं ती पाहिली आणि परत गेली, परत भांडली. आता पाटी काउंटरवर आहे, जरा मोठी. मेघा मात्र बदलली. आता ती ठाणाचा फोटो काढल्याशिवाय काम सुरू करत नाही, आणि कधी जॉर्जेट, कधी मलमल घेऊन अंजूकडे येते, विचारते, "काकू, हे कसं पडते? सांगा ना, लिहून घेते." अंजू सांगते. पण दुकानात शिफॉन सांगून दुसरंच कापड गळ्यात मारलंय असं दिसलं, की ती अजूनही रस्त्यातून ओरडते.

ग्रुपवरचा तो मजकूर तसाच होता. मोनालीनं खाली स्वतःचं लिहिलं, विहारातला फोटो टाकला, दहा-बारा बायकांनी हात जोडलेली चिन्हं टाकली. शोभाबाईंनी काहीच लिहिलं नाही. दोन महिन्यांनी त्याच शोभाबाई दारात आल्या, काखेत कापडाची पिशवी. जसं काही झालंच नाही.

"अंजू, नातीचं बारसं आहे. पोलकं शिवून दे बाई. तुया हाताची गोष्टच निराळी."

अंजूनं मशीन थांबवली. "आत्याबाई, ग्रुपवर काय लिहिलं होतं, आठवते?"

"ते जुनं झालं आता."

"तुमच्यासाठी जुनं. पहिले ग्रुपवर लिहा का चूक झाली. मंग माप घेतो."

शोभाबाईंचा चेहरा आंबट झाला. "एवढा माज?" म्हणत त्या पिशवी घेऊन तशाच निघाल्या. दुसऱ्या गल्लीत दुसरी एक शिवणारी आहे, तिच्याकडे गेल्या असं नंतर कळलं. ग्रुपवर त्यांनी आजवर काही लिहिलेलं नाही. धनंजय म्हणाला, कशाला गिऱ्हाईक तोडतेस.

"तोडलं नाई," अंजू दोरा ओवत म्हणाली. "ते तुटलेलंच होतं. म्या फक्त टाका नाई घातला."